खोडलेल्या नावांची यादी : वैद्यकीय आढाव्यातली आकृती कशी वाचायची

१० मे २०२१ रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की राज्यातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडविरुद्ध आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध दिलं जाईल, १२ मिलिग्रॅमची गोळी, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी आठवण करून दिली की चाचण्यांबाहेर कोविडसाठी हे औषध वापरू नये, असा संघटनेचा सल्ला आहे. फोंड्याला माझ्या मावशीकडे त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. ऑगस्ट उजाडेपर्यंत आमच्या घरच्या ग्रुपवर दोन शोधनिबंध येऊन पडले होते, आणि मावसभावाने खाली एवढंच लिहिलं होतं: "दादा, दोघेही म्हणतात आम्ही जगभरातल्या चाचण्या तपासल्या. एक म्हणतो औषधाने मृत्यू निम्म्याहून कमी होतात, दुसरा म्हणतो पुरावा नाही. असं कसं होईल?"

मला तो प्रश्न फार योग्य वाटला. त्याचं उत्तर शोधायला आकडेशास्त्र यावं लागत नाही. अशा प्रत्येक निबंधात बाणांनी जोडलेल्या चौकटींची एक आकृती असते, ती वाचता आली तरी पुष्कळ उलगडतं. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट निष्कर्षाकडे जातात. मी स्वतः अशा दोन आढाव्यांसाठी चाळणीचं काम केलं आहे, आणि तेव्हापासून हातात आढावा आला की आधी ती आकृतीच उघडतो.

हा आढावा म्हणजे नेमकं काय?

एका प्रश्नावर जगात झालेले सगळे अभ्यास शोधायचे, आधी ठरवलेल्या नियमांनी त्यातले योग्य ते निवडायचे आणि त्यांचं एकत्रित उत्तर काढायचं, याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं 'आढावा' म्हणेन. कुठे शोधलं, किती सापडलं, किती गाळलं आणि का गाळलं हे दाखवणारी आकृती म्हणजे फ्लो डायग्राम. ती कशी काढावी याचे 'प्रिझ्मा' नावाचे संकेत २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांची सध्या वापरात असलेली आवृत्ती २०२० च्या नावाने ओळखली जाते.

लग्नाची यादी डोळ्यांसमोर आणा

घरात लग्न ठरलं की आमंत्रणांची यादी होते. आजीची जुनी वही, काकांचा मोबाइल, मुलाच्या ऑफिसातले लोक, व्याह्यांनी पाठवलेला कागद, सगळीकडून नावं गोळा होतात. साहजिकच म्हापशाचे एकच काका तीन ठिकाणी येतात, ती दुबार नावं आधी कापली जातात. मग कुणीतरी नुसती नावं वाचत भराभर खोडतं: हे तर गेले, हे ओळखीचेही नाहीत. उरलेल्यांचे पत्ते शोधायचे, काहींचा पत्ता लागतच नाही. शेवटी थोड्या नावांवर सगळे बसून खरा विचार करतात. आकृतीचा क्रम अगदी हाच आहे.

समजण्यासाठी मी मनाने आकडे घेतो, ते कुठल्या खऱ्या आढाव्याचे नाहीत. वेगवेगळ्या संगणकीय भांडारांत शोधल्यावर १,२४० नोंदी मिळाल्या. त्यातल्या ३१० दुबार निघाल्या, उरल्या ९३०. त्यांची फक्त शीर्षकं आणि सारांश वाचून ८५० बाद केल्या. राहिलेल्या ८० चे पूर्ण लेख मागवले, त्यातले ६ मिळालेच नाहीत. ७४ लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले आणि ५८ गाळले. उरले १६ लेख, पण आकृतीच्या तळाशी लिहिलेलं असतं 'अभ्यास १४'.

इथे लोक अडखळतात, म्हणून जरा थांबतो. नोंद म्हणजे यादीतली ओळ, लेख म्हणजे हातात आलेला कागद, आणि अभ्यास म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर झालेलं काम. एकाच चाचणीचा आधी कच्चा मसुदा येतो, मग नियतकालिकात लेख येतो, पुढे वर्षभराने पाठपुराव्याचा आणखी एक. लेख तीन, रुग्ण तेच. हा फरक न पाळता तिन्ही लेख वेगवेगळे अभ्यास म्हणून मोजले, तर तेच रुग्ण हिशेबात तीनदा येतात आणि औषधाची बाजू उगाच जड होते. म्हणून तळाच्या चौकटीत लेखांचा आणि अभ्यासांचा आकडा वेगवेगळा लिहिलेला असेल तर मला बरं वाटतं. हे काम कुणीतरी लक्ष देऊन केलंय याची ती खूण आहे.

पहिली तपासणी वजाबाकीची. वरच्या चौकटीतून उजवीकडची चौकट वजा केली की खालची यायला हवी. इतकी साधी गोष्ट, पण छापलेल्या निबंधांतही ती कधीकधी जुळत नाही. जुळली नाही म्हणून लबाडी झाली असं होत नाही; पण मध्येच काही लेख कुणीतरी आत घेतले किंवा बाहेर टाकले आणि त्याची नोंद राहिली नाही, एवढं नक्की कळतं.

शेजारी लिहिलेलं कारण किती खरं?

उजवीकडच्या चौकटींपैकी सगळ्यात जास्त सांगणारी चौकट म्हणजे पूर्ण वाचून गाळलेल्यांची, आपल्या उदाहरणातली ५८ लेखांची. शीर्षकं वाचून बाद केलेल्या ८५० नोंदींची कारणं सहसा देत नाहीत, तशी अपेक्षाही नसते. या ५८ ची मात्र कारणं द्यावी लागतात. समजा लिहिलंय: १९ मध्ये तुलना चुकीच्या औषधाशी, १७ मध्ये रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नाही, ९ मध्ये हवा तो परिणाम दिलेला नाही, ८ अजून अपूर्ण, ५ इतर भाषेत.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बहुतेक ठिकाणी एका लेखासमोर एकच कारण लिहिलं जातं, आणि ते सगळ्यात मोठं नसून ठरलेल्या क्रमात जे पहिलं लागलं ते असतं. चाळणी करताना माझ्यासमोर प्रश्नांचा क्रम असायचा: रुग्ण योग्य आहेत का? औषध तेच आहे का? तुलना कशाशी? रचना कशी? पहिल्या 'नाही'ला लेख बाहेर. त्या लेखात पुढे आणखी चार दोष असले तरी ते कुणी पाहिले नाहीत, लिहिले नाहीत. म्हणून 'तुलना चुकीची – १९' याचा अर्थ उरलेल्या ३९ लेखांतली तुलना बरोबर होती असा घेता येत नाही.

लग्नाच्या यादीतही 'पत्ता नाही' असं लिहून खोडलेल्या नावामागे दुसरंही काही असू शकतं. पत्त्याचं कारण आधी लागलं, तेवढंच लिहिलं गेलं.

इजिप्तमधला तो अभ्यास कुठे गळला?

आता मावसभावाच्या दोन निबंधांकडे येऊ. पहिला जून २०२१ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ थेरप्युटिक्स'मध्ये आला. त्यात २४ चाचण्या आणि ३,४०६ लोक होते, आणि मृत्यूचा धोका ६२ टक्क्यांनी कमी होतो असा निष्कर्ष होता. दुसरा कॉक्रेन या संस्थेचा, जुलै २०२१ च्या अखेरीस आलेला. त्यात १४ अभ्यास, १,६७८ लोक, आणि औषधाच्या बाजूने वा विरुद्ध ठाम काही म्हणण्याइतका पुरावा नाही, असं उत्तर.

पहिल्या आढाव्यात इजिप्तमधला एक अभ्यास होता. तो नियतकालिकात छापून आलेला नव्हता, नुसता मसुदा म्हणून इंटरनेटवर ठेवलेला होता. त्यात आकडे डोळ्यांत भरणारे होते: गंभीर रुग्णांच्या गटात आयव्हरमेक्टिन घेणाऱ्या १०० जणांत २ मृत्यू, दुसऱ्या गटात १०० जणांत २०. कॉक्रेनच्या आढाव्याने हाच अभ्यास गाळला होता. का? तर त्यातल्या दुसऱ्या गटाला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध दिलेलं होतं.

हे कारण कोरडं वाटतं, पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. कॉक्रेनच्या गटाने आधीच ठरवलं होतं की आयव्हरमेक्टिनची तुलना काहीच न देण्याशी, दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळीशी, नेहमीच्या उपचारांशी किंवा गुण सिद्ध झालेल्या औषधाशीच करायची. गुण सिद्ध न झालेल्या औषधाशी तुलना करून काही कळत नाही. समजा त्या दुसऱ्या औषधाने रुग्णांचं नुकसान झालं, तर आयव्हरमेक्टिनने काहीही न करता ते जिंकल्यासारखं दिसेल. शेजारचं दुकान बंद पडल्यामुळे आपल्या दुकानाचा माल चांगला ठरत नाही, तसं हे.

जुलै २०२१ मध्येच तो मसुदा मागे घेण्यात आला. ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यातला मजकूर आणि मूळ आकडे तपासले तेव्हा गंभीर गोष्टी निघाल्या: काही रुग्णांचे मृत्यू चाचणी सुरू झाल्याच्या तारखेच्या आधीचे होते, आणि काही रुग्णांच्या नोंदी एकमेकींच्या नकला वाटत होत्या.

मला इथे न्यायाने बोललं पाहिजे. कॉक्रेनच्या लोकांनी 'तुलना योग्य नाही' म्हणून तो अभ्यास गाळला होता, आकडे खोटे आहेत हे पकडून नव्हे. त्यांच्या प्रश्नाच्या काटेकोरपणाने त्यांना वाचवलं. तोच अभ्यास औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून केलेला असता, तर त्या नियमांनुसार तो बहुधा आत गेला असता. आणि पहिल्या आढाव्याच्या लेखकांनी नंतर हा अभ्यास काढून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा ६२ चे ४९ टक्के झाले, शून्य झाले नाहीत. म्हणजे दोन आढाव्यांतला सगळाच फरक या एका अभ्यासाचा नव्हता. लिव्हरपूल विद्यापीठातल्या एका गटाने मात्र आपला आधीचा, असाच अनुकूल आढावा मागे घेतला आणि २०२२ मध्ये नव्याने मांडला. संशयास्पद आणि कच्चे अभ्यास बाजूला ठेवल्यावर मृत्यूंवरचा फायदा उरत नाही, असं त्यात निघालं.

"पण गाळणं म्हणजे सोयीचं तेवढं उचलणं नव्हे का?"

हा आक्षेप मावशीनेही घेतला होता. "तुम्ही नको ते काढून टाकता आणि मग म्हणता पुरावा नाही," असं ती म्हणाली. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर तारखेत आहे. गाळण्याचे नियम अभ्यास पाहण्याआधी ठरले की नंतर? त्यासाठी आढाव्याचा आराखडा आधीच जाहीर करण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाची प्रॉस्पेरो नावाची नोंदवही २०११ पासून त्यासाठी चालते आणि ती कुणालाही पाहता येते. निबंधातला नियम आणि आराखड्यातला नियम शेजारी ठेवायचे. आराखड्यात नसलेला नियम निबंधात आला असेल आणि त्याने नेमके विरोधी निकालाचे अभ्यास बाहेर गेले असतील, तर शंका घ्यायलाच हवी. नियम बदलला हे लेखकांनी उघड सांगून कारण दिलं असेल, तर ती वेगळी गोष्ट.

दुसरी खबरदारी माणसांची. प्रत्येक नोंद दोन जणांनी एकमेकांना न विचारता वाचायची, मतभेद झाला तर तिसऱ्याने निर्णय द्यायचा. आमच्या कामात असे मतभेद रोज व्हायचे, आणि बहुतेक वेळा चूक वाचणाऱ्याची नसून नियमाचीच असायची. 'सौम्य आजार' म्हणजे ताप असलेला की ऑक्सिजन न लागलेला, हे कुणी लिहिलंच नव्हतं. एकट्याने चाळणी केलेला आढावा दिसला की माझा विश्वास कमी होतो.

जिथे मी जास्त वेळ थांबतो

आपल्या उदाहरणातलं तिसरं कारण पुन्हा वाचा: '९ मध्ये हवा तो परिणाम दिलेला नाही'. दिसायला अगदी निरुपद्रवी. आपल्याला मृत्यू मोजायचे आहेत, लेखात मृत्यूंचा आकडा नाही, मग घेऊन काय करायचं? पण रुग्णालयात चाचणी झाली, रुग्ण दाखल होते, तर किती गेले हे संशोधकांना माहीत असणारच. तरीही आकडा छापला नाही. तो का छापला नाही? फरक दिसला नाही म्हणून आकडा वगळला गेला असेल, तर ज्या चाचण्यांत औषध चाललं नाही त्याच आपण बाहेर ठेवतोय आणि उरलेल्यांतून औषध चाललं असं उत्तर काढतोय. म्हणून जाणकार सांगतात की परिणाम मोजलाच नव्हता की मोजून लिहिला नाही हे विचारल्याशिवाय या कारणावर अभ्यास गाळू नये. आधी लेखकांना पत्र लिहून आकडा मागावा. मिळाला नाही तरी 'असा अभ्यास आहे, आकडा नाही' अशी नोंद आत ठेवावी. या एका ओळीत मोठा आकडा दिसला, तर निष्कर्ष वाचताना मी तो मनात धरून ठेवतो.

'लेख मिळाला नाही' या चौकटीचंही तसंच. ८० पैकी ६ ठीक. ८० पैकी २५ असते तर शोधणाऱ्यांना कुठली ग्रंथालयं उपलब्ध होती, हा प्रश्न उभा राहतो. आणि आपल्या ५ 'इतर भाषेतल्या' लेखांत पोर्तुगीज किंवा स्पॅनिश लेख असतील तर? ब्राझील आणि पेरूमध्ये कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिन भरपूर वापरलं गेलं. तिथले लेख वाचलेच नाहीत, तर औषधाच्या बाजूचा आणि विरुद्धचाही पुरावा सुटू शकतो. गोव्यात पोर्तुगीज वाचू शकणारी माणसं अजून आहेत, एखाद्या आढाव्याला ती मदत सहज मिळाली असती, असं मला वाटून जातं.

आकृतीत न दिसणारी गळती

ज्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, ते खोडलेलंही दिसत नाही. आकृतीत गाळलेले अभ्यास दिसतात, न सापडलेले दिसत नाहीत. म्हणून वरच्या चौकटीत कुठल्या भांडारांची नावं आहेत ते पाहा. फक्त एकाच ठिकाणी शोधलं असेल, तर भारतातल्या छोट्या नियतकालिकांत आलेलं पुष्कळसं काम वरच्या चौकटीपर्यंतही पोचलेलं नसतं.

त्याच चौकटीत चाचण्यांच्या नोंदवह्यांचाही आकडा असायला हवा. भारतात १५ जून २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्याआधी ती सरकारी नोंदवहीत नोंदवणं बंधनकारक आहे. तिथे चाचणी नोंदलेली दिसते, संपल्याची तारीखही उलटून गेलेली असते, पण लेख कुठेच नसतो. अशा चाचण्या मोजल्या की न छापलेल्या निकालांचा अंदाज येतो. नोंदवह्या न पाहता केलेल्या शोधात त्यांचा मागमूसही राहत नाही.

तळाच्या चौकटीनंतर

कॉक्रेनच्या आढाव्यात '१४ अभ्यास' वाचून मावसभावाला वाटलं होतं की मृत्यूंबद्दलचं उत्तर १४ अभ्यासांवर उभं आहे. ते तसं नव्हतं. आकृती तिथे संपते, पण गळती पुढेही चालू राहते. १४ पैकी काही अभ्यास घरी राहणाऱ्या सौम्य रुग्णांचे होते, एक प्रतिबंधासाठीचा होता, काहींनी वेगळाच परिणाम मोजला होता. रुग्णालयात दाखल असलेल्यांचे २८ दिवसांतले मृत्यू, या एका प्रश्नावर कॉक्रेनच्या हाती उरले २ अभ्यास आणि १८५ रुग्ण. त्यावरून निघालेला अंदाज असा होता की धोका सातपटीने कमी होण्यापासून अडीचपट वाढण्यापर्यंत काहीही असू शकतं. 'पुरावा नाही' या शब्दांमागे एवढी रुंद शक्यता होती. औषध निकामी ठरलं असं तेव्हा कुणी म्हटलेलं नव्हतं.

जून २०२२ मध्ये कॉक्रेनने तोच आढावा नव्याने काढला. आता त्यात अभ्यास ११ होते, आधीपेक्षा ३ कमी. नुसता हा आकडा पाहिला तर पुरावा आटला असं वाटेल. प्रत्यक्षात जुन्या १४ पैकी ७ बाहेर गेले होते: ६ चाचण्या सुरू होण्याआधी नोंदवलेल्या नव्हत्या, आणि एकात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेलीच नव्हती. इजिप्तच्या प्रकरणानंतर विश्वासार्हतेची ही तपासणी नियमांत उघडपणे घालण्यात आली होती. नवे ४ अभ्यास आत आले, आणि लोकांची संख्या १,६७८ वरून ३,४०९ वर गेली. अभ्यास कमी, माणसं दुप्पट. आयव्हरमेक्टिनने कोविड बरा होतो याला आधार नाही, हे तेव्हाचं उत्तर आधीच्यापेक्षा कितीतरी भक्कम होतं. प्रतिबंधासाठी औषध दिलेला मात्र एकही अभ्यास त्या चाळणीत टिकला नाही, आणि आमच्याकडे १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच गोळ्या द्यायच्या ठरल्या होत्या त्या प्रतिबंधासाठीच.